थुंकीच्या स्लाइडवरचे लाल जंतू कसे मोजायचे: स्कँटीपासून ३+ पर्यंत

जुलैतली सकाळ होती. बाहेर पाऊस धरलेला, वाशी-तुर्भे पट्ट्यातल्या आमच्या तपासणी केंद्राच्या काचांवर आतून वाफ. ट्रेनिंगला आलेला मुलगा सूक्ष्मदर्शकावर बसला होता. मिनिटभरातच त्याने मान वर केली. "ताई, टू प्लस लिहू ना? एका फील्डमध्ये आठ दिसले."

"किती फील्ड बघितलीस?"

"तीन."

मी भिंग लावून बघितलं. निळ्या पार्श्वभूमीवर लालभडक, बारीक, किंचित वाकलेल्या काड्या. दोन जागी एकमेकींना टेकून इंग्रजी व्हीसारखा कोन केलेला. जंतू होते यात शंका नव्हती. चूक होती ती ग्रेडमध्ये, म्हणजे जंतू किती हे सांगणाऱ्या पायरीत. फील्ड म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारं गोल वर्तुळ. तीच स्लाइड त्याच्याकडून शंभर फील्डपर्यंत मोजून घेतली तेव्हा उत्तर २+ आलं नाही. ते कसं, हे पुढे आकड्यांसकट लिहिते. हा लेख क्षयाच्या तपासणीसाठी पहिल्यांदा मायक्रोस्कोपीला बसणाऱ्या टेक्निशियन मुलामुलींसाठी आहे. ज्यांच्या हातात घरच्या कुणाचा '१+' किंवा 'स्कँटी ४' असा रिपोर्ट आला आहे आणि त्याचा अर्थ कळत नाही, त्यांनाही तो उपयोगी पडेल.

लाल रंग कुठून येतो

रंग समजला तर मोजणीतल्या निम्म्या चुका टळतात, म्हणून आधी तेवढं सांगते. क्षयाच्या जंतूची भिंत मेणचट असते. तिच्यात मायकोलिक आम्ल नावाची लांब साखळीची चरबी असते. साधा रंग तिच्यातून आत शिरत नाही. म्हणून आपण कार्बोल फुक्सिन हा लाल रंग स्लाइडवर ओततो आणि खालून गरम करतो. उष्णता आणि रंगातलं फिनॉल यांच्या जोरावर रंग भिंतीत शिरतो. एकदा शिरला की मेण त्याला धरून ठेवतं. मग सल्फ्युरिक आम्ल ओतलं की पेशी, बेडक्यातला चिकट पदार्थ आणि बाकीचे जंतू सगळे रंग सोडतात, क्षयाचा जंतू सोडत नाही. शेवटी मिथिलीन ब्लू दिला की रंग सोडलेलं सगळं निळं होतं. लाल उरतो तो आम्लाला न जुमानणारा जंतू. रजिस्टरमध्ये आपण त्यालाच एएफबी म्हणतो. १८८२-८३ च्या सुमारास झील आणि नील्सन या दोघांनी ही पद्धत बसवली, म्हणून तिचं नाव झेडएन.

यात एक मर्यादा आहे. आम्लाला न जुमानणारा प्रत्येक जंतू क्षयाचाच असतो असं नाही. त्याच कुळातले, माती-पाण्यात राहणारे जंतूही असेच लाल दिसतात. शिवाय जंतू जिवंत की मेलेला हे रंगावरून कळत नाही, आणि औषधाला दाद देणारा की न देणारा हेही नाही. म्हणून रिपोर्टवर 'क्षयरोग आहे' असं आपण लिहीत नाही. एएफबी दिसले की नाही आणि किती दिसले, एवढंच लिहितो.

नमुना चांगला नसेल तर मोजणी फुकट

मोजणी खरी सुरू होते ती डबी हातात येते तेव्हा. स्लाइडवर जंतू दिसायला थुंकीच्या एका मिलीलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असतील तर आजार असूनही स्लाइड निगेटिव्ह येते. आता त्या मिलीलिटरच्या जागी तोंडातली लाळ असेल, तर काय हाती लागणार?

दोन नमुने घेतो. एक आल्या आल्या, दुसरा सकाळी उठल्या उठल्या घरून आणलेला. रुग्णाला सांगायची पद्धत ठरलेली आहे: साध्या पाण्याने चूळ भरा, उभे राहा, छाती भरून दोन-तीन वेळा श्वास घ्या, आणि तिसऱ्या श्वासानंतर पोटातून जोर लावून खोका. हे उघड्यावर, इतर माणसांपासून लांब करायचं. खोलीत, जिन्यात किंवा शौचालयात करायचं नाही. माथाडी काम करणारे एक काका लाजून दोनदा नुसते थुंकले. तिसऱ्यांदा मी बाजूला झाले, तेव्हा छातीतून खरा बेडका आला. दोन ते पाच मिलीलिटर, घट्ट, पिवळसर असा नमुना हवा. पातळ, बुडबुड्यांचा, पाण्यासारखा असेल तर लाळ आहे. ती नोंदवा आणि पुन्हा मागा.

नमुना चांगला होता की नाही, हे नंतर सूक्ष्मदर्शकाखालीही कळतं. लहान भिंगाने, म्हणजे एकूण शंभर पट मोठं करून बघितल्यावर एका फील्डमध्ये पंचवीसहून जास्त पांढऱ्या पेशी दिसल्या तर थुंकी छातीतून आलेली आहे. मोठ्या चपट्या पेशीच जास्त असतील तर ते तोंडातलं आहे.

स्मिअर आणि रंग

नवी काचपट्टी घ्या. धुऊन पुन्हा वापरलेली चालत नाही. तिच्यावर जुने जंतू राहिलेले असू शकतात, आणि ओरखड्यात अडकलेला रंग थेट जंतूसारखा दिसतो. एका टोकाला डायमंड मार्करने लॅब नंबर कोरा. साध्या पेनाने लिहिलेला नंबर आम्लात आणि स्पिरिटमध्ये पुसला जातो.

काडीच्या मोडलेल्या टोकाने बेडक्यातला पिवळा, घट्ट तुकडाच उचला. स्मिअर, म्हणजे थुंकीचा पातळ थर, काचपट्टीच्या मध्यभागी, तीन सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद, गोल गोल फिरवत एकसारखा पसरवा. प्रत्येक नमुन्याला नवी काडी. वापरलेली काडी पाच टक्के फिनॉलच्या डब्यात.

मग स्लाइड सपाट ठेवून हवेवर वाळवा. एरवी पंधरा मिनिटं ते अर्धा तास पुरतो, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात तासभरही ओल जात नाही. घाईने ज्योतीवर वाळवू नका आणि पंखाही लावू नका. ओला बेडका तापला की त्यातून तुषार उडतात आणि ते तुमच्याच श्वासात जातात. वाळल्यावर स्लाइड वर्तमानपत्रापासून चार-पाच सेंटिमीटर वर धरा. स्मिअरमधून खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अजिबात दिसत नसतील तर स्मिअर जाड आहे, रंगवताना पापुद्रा सुटेल. स्वच्छ दिसत असतील तर पातळ आहे. वाळलेली स्लाइड, स्मिअर वरच्या बाजूला ठेवून, स्पिरिटच्या ज्योतीवरून तीन ते पाच वेळा फिरवली की चिकटून बसते.

रंगाचं वेळापत्रक असं. एक टक्का कार्बोल फुक्सिन गाळून पूर्ण स्मिअरवर ओता. खालून ज्योत फिरवत वाफ दिसेपर्यंत तापवा, उकळू देऊ नका, आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. रंग सुकायला लागला तर आणखी घाला. पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा. पंचवीस टक्के सल्फ्युरिक आम्ल दोन ते चार मिनिटं. धुवा. स्मिअर अजून लालसर वाटला तर आम्ल पुन्हा एकदा. मग ०.१ टक्का मिथिलीन ब्लू तीस सेकंद, पुन्हा पाणी, आणि उभी करून वाळवा. आम्ल बनवताना आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीही नाही. मी हे हाताने करून शिकवते आणि प्रत्येक बॅचला पुन्हा सांगते.

दोन चुका वारंवार घडतात. रंग उकळला किंवा पाच मिनिटांच्या आधी धुतला की जंतू फिकट गुलाबी राहतात आणि मोजणीतून निसटतात. मिथिलीन ब्लू गडद किंवा जास्त वेळ राहिला तर पार्श्वभूमी इतकी निळी होते की लाल काडी तिच्यात बुडते. म्हणून प्रत्येक नव्या रंगाच्या बाटलीबरोबर एक खात्रीची पॉझिटिव्ह आणि एक खात्रीची निगेटिव्ह स्लाइड रंगवतात. पॉझिटिव्हमध्ये लाल दिसलं आणि निगेटिव्हमध्ये काही दिसलं नाही, तरच त्या बाटलीवर रुग्णाच्या स्लाइड घ्यायच्या.

शंभर फील्ड म्हणजे स्मिअरचा किती भाग

सूक्ष्मदर्शकाचं सर्वात मोठं भिंग म्हणजे ऑइल इमर्शन, एकूण हजार पट. त्यात एका वेळी दिसणारं गोल वर्तुळ म्हणजे एक फील्ड. बहुतेक सूक्ष्मदर्शकांत या वर्तुळाचा व्यास सुमारे ०.२ मिलीमीटर असतो. म्हणजे दोन सेंटिमीटर सरळ गेलात तर जवळपास शंभर फील्ड होतात, आणि तीन सेंटिमीटरच्या पूर्ण लांबीत दीडशे.

पूर्ण स्मिअर सहाशे चौरस मिलीमीटरचा. एका फील्डचं क्षेत्रफळ ०.०३ चौरस मिलीमीटरच्या आसपास. म्हणजे पूर्ण स्मिअरमध्ये एकोणीस हजारांच्या घरात फील्ड आहेत, आणि शंभर बघून आपण त्यातला अर्धा टक्का बघतो. आता ढोबळ हिशेब धरू: स्मिअरला ०.०१ मिलीलिटर थुंकी लागली आणि तिच्यात मिलीलिटरला दहा हजार जंतू आहेत. मग पूर्ण स्लाइडवर शंभरच जंतू, तेही एकोणीस हजार फील्डमध्ये विखुरलेले. शंभर फील्ड बघून एखादा दिसला तर दिसला. वीस फील्ड बघून 'निगेटिव्ह' लिहिणाऱ्याला तो बहुधा दिसणारच नाही. निगेटिव्ह लिहायला शंभर फील्ड का लागतात, याचं उत्तर या हिशेबात आहे.

बघण्याचा मार्गही ठरवून घ्या. स्मिअरच्या डाव्या टोकापासून, मधल्या रेषेवर, उजवीकडे सरळ जा. स्टेजचा स्क्रू एकेक फील्ड पुढे सरकवा, प्रत्येक फील्डमध्ये फोकस किंचित वर-खाली करा, मग पुढे. टोक आलं की थोडं खाली सरकून उलट या. इकडेतिकडे उड्या मारून 'चांगली जागा' शोधू नका. ज्या फील्डमध्ये पेशी नाहीत, चिकट धागे नाहीत, नुसती कोरी काच आहे, ते फील्ड गणतीत धरू नका. शंभर फील्ड नीट बघायला कमीत कमी पाच मिनिटं लागतात. दिवसाला वीस-पंचवीसपेक्षा जास्त झेडएन स्लाइड एका माणसाने वाचू नयेत. त्यापुढे डोळा थकतो आणि बारीक, फिकट जंतू सुटायला लागतात.

ग्रेडचा तक्ता

आता मुख्य भाग. ऑइल इमर्शनखाली झेडएन स्लाइडसाठी क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात वापरतात ती मोजपट्टी अशी:

| जे दिसलं | लिहायचं | किमान फील्ड |
|---|---|---|
| शंभर फील्डमध्ये एकही नाही | निगेटिव्ह | १०० |
| शंभर फील्डमध्ये १ ते ९ | स्कँटी, पुढे नेमका आकडा | १०० |
| शंभर फील्डमध्ये १० ते ९९ | १+ | १०० |
| एका फील्डमध्ये सरासरी १ ते १० | २+ | ५० |
| एका फील्डमध्ये सरासरी १० पेक्षा जास्त | ३+ | २० |

तक्त्यात एक बारकी गोष्ट लपलेली आहे, आणि नवे लोक तिथेच अडकतात. वरच्या तीन ओळी शंभर फील्डची एकूण बेरीज सांगतात. खालच्या दोन ओळी एका फील्डची सरासरी सांगतात. मोजपट्टी एकच आहे. शंभर फील्डमध्ये ९९ म्हणजे फील्डला एकाहून जरा कमी, म्हणून १+. शंभरात १०० म्हणजे फील्डला एक, म्हणून २+. सरासरी म्हणजे एकूण जंतू भागिले बघितलेली सगळी फील्ड, त्यात शून्य आलेलीही आली. सर्वांत गच्च फील्डमधला आकडा म्हणजे सरासरी नव्हे.

जंतू भरपूर असतील तेव्हा कमी फील्डमध्ये सरासरी स्थिर होते, म्हणून ३+ ला वीस पुरतात. जंतू विरळ असले की एका फील्डने हिशेब हलतो, म्हणून शंभर लागतात.

त्या मुलाची स्लाइड, आकड्यांसकट

आता सुरुवातीची स्लाइड घेऊ. माथाडी काकांचीच, सकाळच्या नमुन्याची. त्यांना तीन आठवड्यांपासून खोकला होता, वजन उतरलं होतं. मुलाला पहिल्या फील्डमध्ये आठ दिसले, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात शून्य. अकरा भागिले तीन, म्हणजे फील्डला साडेतीनच्या वर. त्याच्या डोक्यात २+ पक्कं झालं.

मी त्याला पाटी दिली आणि दहा-दहा फील्डची बेरीज लिहायला लावली. पहिल्या दहात १७, पुढच्या दहात ९. वीस फील्डमध्ये २६, सरासरी १.३. अजून २+ च वाटतंय. पण २+ लिहायला पन्नास लागतात, म्हणून पुढे गेलो. तिसऱ्या दहात ६, चौथ्यात ३, पाचव्यात ११. पन्नास फील्डमध्ये ४६, सरासरी ०.९२. म्हणजे फील्डला एकापेक्षा कमी, २+ ची अट मोडली. आता शंभर पूर्ण करणं भाग होतं. पुढच्या पन्नासात ३५ मिळाले. एकूण ८१. ग्रेड १+.

काय झालं होतं? पहिल्या फील्डमध्ये बेडक्याचा घट्ट तुकडा पडला होता. जंतू अशा तुकड्यांत घोळक्याने असतात आणि स्मिअर कितीही नीट पसरवला तरी थोडं दाट-विरळ राहतंच. सुरुवात दाट जागी झाली म्हणून पहिली सरासरी फुगली. विरळ जागी झाली असती तर तोच मुलगा 'स्कँटी' म्हणाला असता. प्रत्येक दहा फील्डनंतर बेरीज लिहिण्याची सवय त्याला तिथून लागली.

काकांच्या पहिल्या, तिथल्या तिथे घेतलेल्या नमुन्यात शंभर फील्डमध्ये चार जंतू सापडले होते. तिथे लिहायचं: 'स्कँटी ४'. नुसतं 'स्कँटी' अपुरं आहे. दोनमधला एक जरी पॉझिटिव्ह आला, मग तो स्कँटी का असेना, तरी रुग्ण थुंकी-पॉझिटिव्ह धरतात. रजिस्टरमध्ये पॉझिटिव्ह लाल शाईने, निगेटिव्ह निळ्या किंवा काळ्या शाईने. दोन्ही नमुन्यांची ग्रेड वेगवेगळी लिहायची, सरासरी काढायची नाही.

स्कँटी आली की थांबायचं

३+ बद्दल कुणाला शंका येत नाही. शंका येते ती दोन-तीन जंतूंची. दोनच दिसले म्हणून दुर्लक्ष करायचं नाही, आणि तपासल्याशिवाय पुढेही ढकलायचं नाही.

माझी स्वतःची चूक सांगते. मी नवीन होते, दुसऱ्या एका प्रयोगशाळेत. एका ३+ स्लाइडनंतर लगेच पुढची लावली. तेलाच्या बाटलीचं टोक मागच्या स्मिअरला टेकलं होतं हे माझ्या लक्षातच आलं नाही. पुढच्या स्लाइडवर तेलाच्या थेंबाबरोबर दोन लाल काड्या आल्या आणि मी 'स्कँटी २' लिहून मोकळी झाले. त्या बाईंच्या घरी लहान बाळ होतं. वरिष्ठांनी स्लाइड बघितली आणि विचारलं, "हे जंतू पेशींच्या पातळीवर आहेत की वर?" मी फोकस फिरवला. पेशी स्पष्ट दिसत तेव्हा काड्या धूसर होत्या, काड्या स्पष्ट होत तेव्हा पेशी नाहीशा होत. जंतू स्मिअरमध्ये नव्हते, तेलात तरंगत होते. त्याच नमुन्यातून नवा स्मिअर केला, नवी बाटली घेतली, दीडशे फील्ड बघितली. एकही नाही. दुसरा नमुनाही निगेटिव्ह. अहवाल तेवढ्यात सुधारला म्हणून औषधं सुरू व्हायची टळली.

म्हणून स्कँटी आली की माझी तपासणी ठरलेली आहे. जंतू पेशींच्याच फोकसमध्ये आहे का, ते बघा. आकार बघा: लांबी साधारण एक ते दहा मायक्रॉन, बारीक, किंचित वाकलेला, बहुधा मण्यांच्या माळेसारखा तुटक-तुटक रंगलेला. रंगाचा कण कडक कोनांचा असतो, फोकस हलवला की चमकतो आणि बहुतेकदा काळपट लाल दिसतो. कापसाचा धागा लांबलचक असतो. ओरखड्यातला रंग सरळ रेषेत जातो. रजिस्टरमध्ये वरची स्लाइड ३+ होती का, तेही बघा. असेल तर त्याच नमुन्यातून पुन्हा स्मिअर करा. तेल वरून थेंबाने सोडा, बाटलीचं टोक काचेला कधीही टेकवू नका. रंग धुवायचं पाणीही तपासा. टाकीत शेवाळलेलं पाणी असेल तर त्यातल्या जंतूंनी एकाच दिवशी अनेक स्लाइड 'स्कँटी' येऊ शकतात. एका दिवसात चार-पाच रुग्णांच्या स्कँटी आल्या तर आधी पाण्यावर आणि रंगावर संशय घ्या.

इतकं करूनही जंतू खरा ठरला तर तो खरा आहे. एकच असला तरी 'स्कँटी १' लिहायचं.

नंतर कुणीतरी तीच स्लाइड पुन्हा बघणार

वाचून झाल्यावर स्लाइड घासून पुसू नका. टिश्यू पेपरवर उलटी ठेवून तेल शोषू द्या. पॉझिटिव्ह एका डब्यात, निगेटिव्ह दुसऱ्या असंही करू नका. सगळ्या लॅब नंबरच्या क्रमाने एकाच पेटीत. यातून काही स्लाइड निवडून वरिष्ठ पातळीवर पुन्हा वाचल्या जातात आणि वाचणाऱ्याला आपला निकाल सांगितलेला नसतो.

तिथे चुकांचे प्रकार पाडलेले आहेत. आपण निगेटिव्ह लिहिलं आणि त्यांना १+ किंवा अधिक दिसलं, तर मोठी चूक. उलटही तसंच. निगेटिव्ह आणि स्कँटी यांच्यातला फरक छोटी चूक. दोघांनीही पॉझिटिव्ह म्हटलं पण ग्रेड एकापेक्षा जास्त पायरीने चुकली, म्हणजे आपण १+ लिहिलं आणि त्यांनी ३+, तर ती मोजणीची चूक. त्या मुलाने २+ लिहिलं असतं तर ती एका पायरीची असल्याने या यादीत आलीही नसती. तरीही मी त्याला शंभर मोजायला लावले, कारण पुढे औषधं सुरू झाल्यावर याच आकड्याशी नवा आकडा ताडून बघायचा असतो.

आणखी एक. प्रकाशमान जंतू दाखवणारा एलईडी सूक्ष्मदर्शक अनेक केंद्रांत आहे. त्यात ऑरामीन रंग असतो, जंतू काळ्या पार्श्वभूमीवर पिवळसर-हिरवे चमकतात आणि भिंग लहान असल्याने एका फील्डमध्ये बरंच मोठं क्षेत्र दिसतं. तिथे वरचा तक्ता चालत नाही, त्याचा वेगळा तक्ता आहे. तिथे दिसलेले दहा म्हणजे इथले दहा नव्हेत.

रिपोर्ट हातात आलेल्यांसाठी

ग्रेड म्हणजे थुंकीत जंतू किती आहेत याचा अंदाज. ३+ असलेला माणूस खोकताना जास्त जंतू सोडतो, म्हणून घरच्यांची तपासणी आणि हवा खेळती ठेवणं तातडीचं ठरतं. पण स्कँटी म्हणजे 'थोडासा टीबी' नव्हे. औषधं तीच, तितकेच दिवस. आणि निगेटिव्ह म्हणजे टीबी नाहीच, असंही नाही. लहान मुलांत, फुप्फुसाबाहेरच्या टीबीत आणि एचआयव्ही असलेल्यांत स्लाइड बरेचदा निगेटिव्हच येते. म्हणून आता डॉक्टर संशयित रुग्णाचा नमुना आधी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर पाठवतात. ते यंत्र जंतूचा डीएनए शोधतं आणि रिफॅम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही सांगतं. पण उपचार चालू असताना जंतू कमी होतायत का हे बघायला ते यंत्र उपयोगाचं नाही. मेलेल्या जंतूंचा डीएनएही ते बराच काळ पकडतं. तिथे पुन्हा आपली लाल स्लाइड आणि मोजणी लागते.

काका दोन महिन्यांनी आले. पाच किलो वजन वाढलेलं, खोकला जवळपास थांबलेला. बेडका निघता निघत नव्हता, तरी दोन मिलीलिटर मिळाला. मुलगाच बसला स्लाइडवर, पाटी जवळ घेऊन. शंभर फील्डमध्ये दोन जंतू, फिकट, मण्या-मण्यांचे, पेशींच्याच फोकसमध्ये. ८१ वरून २. मेलेल्याच जंतूंचे अवशेष असू शकतात, पण काचेवरून ते ठरत नाही. त्याने 'स्कँटी २' लाल शाईने लिहिलं. मी तीच स्लाइड पुन्हा वाचली, मलाही दोनच मिळाले. दोन महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह आला की तो नमुना औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंच्या तपासणीसाठी पाठवतात, तसा पाठवला. डॉक्टरांनी औषधं चालू ठेवायला सांगितली. मुलाने स्लाइड टिश्यूवर उलटी ठेवली आणि पेटीतली त्या नंबरची खाच शोधायला लागला.